निमंत्रणपत्र मागताना

परिषदेच्या आयोजकांकडून येणाऱ्या निमंत्रणपत्रावर नाव आपलं असतं, पण ते वाचणारा माणूस दुसराच असतो. वकिलातीतला व्हिसा अधिकारी आपल्याला ओळखत नाही, आपला विषय त्याला ठाऊक नसतो आणि एकेका अर्जाला देण्यासाठी त्याच्याकडे वेळही थोडाच असतो. तेवढ्यात त्याला एक गोष्ट ताडून पाहायची असते: अर्जदाराने प्रवासाचं जे कारण सांगितलं आहे, ते त्याच्याखेरीज आणखी कोणी सांगतंय का? निमंत्रणपत्र ही त्या प्रश्नावरची साक्ष असते. साक्ष आणि बाकीचे कागद जुळले की अर्ज पुढे सरकतो. जुळले नाहीत तर पत्र कितीही भारदस्त लेटरहेडवर असलं तरी त्याचा उपयोग होत नाही.

गंमत अशी, की पत्र लिहिणारा आयोजकही आपल्याला ओळखत नसतो. आपलं पासपोर्टावरचं नाव, जन्मतारीख, आपण कधी येणार आणि खर्च कोण करणार, हे त्याला आपणच कळवतो आणि तो ते पत्रात उतरवतो. म्हणून पत्राची गुणवत्ता आपल्या विनंतीतच ठरते. विनंतीत घाईघाईने टंकलेली चूक आठवड्याभराने सहीसकट आपल्याकडे परत येते. या प्रकरणात आपण एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू: पुण्याहून व्हिएन्नाला जाणाऱ्या एका संशोधिकेचं.

उदाहरण

युरोपियन जिओसायन्सेस युनियन ही भूविज्ञान, हवामान, समुद्र आणि ग्रहविज्ञान यांवर काम करणाऱ्यांची संघटना. तिची वार्षिक सभा व्हिएन्नातल्या ऑस्ट्रिया सेंटर या भव्य सभागृहात भरते. २०२६ मधल्या सभेच्या तारखा ३ ते ८ मे, म्हणजे रविवार ते शुक्रवार. शोधनिबंधाचा सारांश पाठवण्याची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते.

समजा, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मोसमी पावसावर काम करणाऱ्या स्वाती देशमुख यांचा सारांश स्वीकारला गेला आहे आणि त्या पोस्टर सादर करणार आहेत. हे नाव केवळ उदाहरणापुरतं. संस्थेत, शोधनिबंधांवर आणि परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या ‘स्वाती अ. देशमुख’ आहेत. पासपोर्ट मात्र लग्नाआधी काढलेला, त्यावर माहेरचं नाव आहे: स्वाती माधव कुलकर्णी. महाराष्ट्रात हे घरोघरी दिसतं आणि व्हिसाच्या कामात नेमकं इथेच घोडं अडतं.

ऑस्ट्रिया शेंगेन गटात आहे. या गटातल्या देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसासाठी २००९ सालची एक समान व्हिसा संहिता आहे आणि तिच्यात २०१९ मध्ये दुरुस्त्या झाल्या. वैज्ञानिक, सांस्कृतिक किंवा क्रीडाविषयक कार्यक्रमाला जाणाऱ्याने काय दाखवावं, हे तिच्या परिशिष्टात थोडक्यात दिलं आहे: निमंत्रण, प्रवेशिका, नावनोंदणी किंवा कार्यक्रमपत्रिका, आणि त्यावर शक्य असेल तिथे यजमान संस्थेचं नाव व मुक्कामाचा कालावधी. म्हणजे निमंत्रणपत्र हा अनेक पर्यायांपैकी एक आहे. तरीही ते मागायचं, कारण नोंदणीच्या पावतीवर पासपोर्ट क्रमांक नसतो आणि कार्यक्रमपत्रिकेवर जन्मतारीख नसते. माणूस, त्याचा पासपोर्ट, कार्यक्रम आणि तारखा यांची गाठ एकाच पानावर मारणारा कागद म्हणजे हे पत्र.

पत्र कधी मागायचं

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. अर्ज दाखल झाल्यावर साधारणपणे पंधरा दिवसांत निर्णय होतो. एखाद्या अर्जाची अधिक तपासणी करावीशी वाटली तर ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढवण्याची मुभा वकिलातीला आहे.

स्वातीताईंना २ मे रोजी व्हिएन्नात पोचायचं आहे. तिथून पंधरा दिवस मागे मोजले तर १७ एप्रिल येतो. कायद्याच्या हिशेबाने हा शेवटचा दिवस, पण त्याच्यावर विसंबणं म्हणजे सगळं पहिल्याच फटक्यात सुरळीत होईल असं गृहीत धरणं. पंचेचाळीस दिवस मागे मोजले तर १८ मार्च येतो. शहाणपणाची तारीख ही. त्याच्याही आधी व्हिसा अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळायला हवी, आणि एप्रिल-मे हा आपल्याकडे सुट्टीवर युरोपला निघणाऱ्यांचा हंगाम असल्यामुळे मुंबईतल्या वेळा भराभर भरतात. हा सगळा हिशेब मांडला की निमंत्रणपत्र फेब्रुवारीतच हातात असायला हवं, हे कळतं.

इथे एक पेच असतो. बहुतेक आयोजक नोंदणी होऊन शुल्क जमा झाल्याशिवाय पत्र देत नाहीत, आणि व्हिसा मिळेल की नाही हे माहीत नसताना शुल्क भरायला आपला हात धजत नाही. आयोजकांची बाजू अशी, की केवळ सारांश पाठवून पत्र मिळवायचं आणि परिषदेकडे फिरकायचंच नाही, असे प्रकार त्यांच्या वाट्याला येतात. तसं वारंवार झालं तर वकिलातीत त्यांच्या पत्राची पत राहत नाही. म्हणून नोंदणी करण्याआधी दोन गोष्टी वाचून घ्याव्यात: व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळतं का, आणि त्यासाठी कोणता पुरावा कोणत्या तारखेपर्यंत द्यावा लागतो. या अटी नोंदणीच्या नियमांतच असतात.

नाव: पासपोर्टात आहे तसंच

आपल्या पासपोर्टावर नावाचे दोनच रकाने असतात. एक आडनावाचा, दुसरा दिलेल्या नावाचा. आपण मात्र तीन भागांचं नाव वापरतो: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. मधल्या नावासाठी वेगळा रकाना नसल्याने ते दिलेल्या नावातच जातं. परदेशी आयोजकाच्या अर्जात मात्र पुष्कळदा पहिलं, मधलं आणि शेवटचं असे तीन रकाने असतात. तिथे ‘माधव’ मधल्या रकान्यात भरलं आणि त्यांच्या यंत्रणेने पत्रात मधलं नाव छापलंच नाही, तर पत्रात उरते ‘स्वाती कुलकर्णी’. तीन रकाने असले तरी पहिल्या रकान्यात पासपोर्टावरची दिलेली नावं सलग भरावीत आणि मधला रकाना रिकामा सोडावा, हा सरळ उपाय.

नाव नेमकं कसं आहे याबद्दल शंका असेल तर पासपोर्टाच्या माहितीच्या पानाच्या तळाशी पाहावं. तिथे यंत्राने वाचण्यासाठी छापलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या. जगभरच्या पासपोर्टांसाठी हा साचा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेला आहे. स्वातीताईंच्या पासपोर्टावरची पहिली ओळ अशी दिसेल:

```
P<INDKULKARNI<<SWATI<MADHAV<<<<<<<<<<<<<<<<<
```

सुरुवातीला पासपोर्टाची खूण आणि देशाचा संकेत, मग आडनाव, मग दोन बाण, मग दिलेली नावं. दोन बाणांच्या आधी जे आहे ते आडनाव आणि नंतरचं ते दिलेलं नाव. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. डॉक्टर, प्राध्यापक, श्रीमती यांपैकी काहीही या ओळीत नाही. पत्रात नावाआधी ‘डॉ.’ आलं तर बिघडत नाही, पण विनंतीत ते नावाच्या रकान्यात घुसवू नये.

आता स्वातीताईंची खरी अडचण. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत देशमुख आणि पासपोर्टावर कुलकर्णी. पत्र देशमुख नावाने आलं तर ते पासपोर्टाशी जुळत नाही. कुलकर्णी नावाने आलं तर अधिकाऱ्याला कार्यक्रमपत्रिकेत कुलकर्णी सापडत नाही. म्हणून दोन्ही नावं एकाच वाक्यात आणायची. पासपोर्टावरचं नाव मुख्य, आणि त्याला लागून ‘या स्वाती अ. देशमुख या नावाने शोधनिबंध प्रसिद्ध करतात’ असा उल्लेख. आयोजकांना ही विनंती नवी नसते, लग्नानंतर नाव बदलणाऱ्या बायका जगभर आहेत. शिवाय शेंगेन अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावाचा, म्हणजे आधीच्या आडनावाचा वेगळा रकाना असतो. स्वातीताईंच्या बाबतीत पासपोर्टावरचं आडनाव आणि जन्माचं आडनाव एकच, कुलकर्णी. मग देशमुख या नावाचा दुवा जोडायला विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि संस्थेच्या पत्रातली एक ओळ लागते: देशमुख आणि कुलकर्णी ही एकाच व्यक्तीची नावं आहेत.

ज्यांचं नाव बदललेलं नाही त्यांना रोमन स्पेलिंग छळतं. पूजा दोन तऱ्हांनी लिहिली जाते, दीक्षितांचं स्पेलिंग घरातल्या दोन भावांचं एक नसतं, आणि ज्ञानेश्वर नावाची तर पुण्यात एक रीत, दिल्लीत दुसरी. आपली नेहमीची सही, शोधनिबंध, ईमेल यांत कोणतंही स्पेलिंग असो, पत्रासाठी पासपोर्टावरचंच ग्राह्य. गोव्यातल्या डिसोझांसारख्या नावांत आणखी एक बारकावा येतो. इंग्रजीत डी या अक्षरानंतर जी वरची स्वल्पखूण लिहितात, ती यंत्राने वाचायच्या ओळीत येत नाही, तिच्या दोन्ही बाजूंची अक्षरं जोडून छापली जातात. पासपोर्टावर ती खूण नसेल तर विनंतीतही ती लिहू नये.

पासपोर्ट क्रमांक एका इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि पुढे सात अंक असतात. तो टंकून झाल्यावर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत इथेच होते. पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावी लागते, आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. यात बसत नसेल तर आधी नवा पासपोर्ट, मग पत्राची विनंती. हा क्रम उलटा केला तर पत्रावर जुना क्रमांक राहतो, कारण नूतनीकरणात क्रमांक बदलतो.

तारखा: परिषदेच्या आणि मुक्कामाच्या

पत्रात परिषदेच्या तारखा असतात, अर्जात मुक्कामाच्या. या दोन जोड्या वेगळ्या असणं स्वाभाविक आहे, पण त्यांच्यातली तफावत समजण्याजोगी असावी. स्वातीताईंची परिषद ३ मेला सुरू होते आणि ८ मेला संपते. त्या २ मेला पोचून ९ मेला निघणार. आदल्या दिवशी पोचणं आणि दुसऱ्या दिवशी निघणं यावर कोणी प्रश्न विचारत नाही. शेंगेनच्या मोजणीत पोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरले जातात, म्हणून हा मुक्काम आठ दिवसांचा.

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आपण १ मेच्या रात्री घराबाहेर पडतो, तिकिटावर २ मे असतं, आणि व्हिएन्नात उतरतोही २ मेलाच. परतीला ९ मेला संध्याकाळी निघालो तर मुंबईत १० मे उजाडतो. अर्जात लागते ती शेंगेन भागात पाऊल ठेवण्याची आणि तिथून निघण्याची तारीख, घर सोडण्याची आणि घरी पोचण्याची नव्हे. विनंतीत, अर्जात, विम्यात आणि हॉटेलच्या आरक्षणात हीच जोडी दिसायला हवी. शेंगेन व्हिसासाठीचा प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि तो सगळ्या मुक्कामाला पुरावा लागतो.

तारीख लिहिताना महिना नेहमी अक्षरांत लिहावा. आपण ०३/०५ असं लिहितो तेव्हा आपल्याला ३ मे अभिप्रेत असतो, पण अमेरिकी सवयीचा माणूस त्याला ५ मार्च समजतो. आयोजकांच्या कार्यालयात कोण बसलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

खरी गुंतागुंत होते ती परिषदेला जोडून फिरायला जाण्याने. स्वातीताईंचा भाऊ पॅरिसमध्ये आहे आणि सभा संपल्यावर त्याच्याकडे दहा दिवस राहायचा त्यांचा विचार आहे, असं धरू. शेंगेन नियमानुसार अर्ज मुख्य गंतव्य देशाकडे करायचा असतो, आणि मुख्य गंतव्य ठरतं ते मुक्कामाच्या लांबीवरून किंवा प्रवासाच्या उद्देशावरून. उद्देश म्हणतो ऑस्ट्रिया, दिवस म्हणतात फ्रान्स. परिषद हेच प्रवासाचं कारण आहे असं सांगता येतं, पण तो वाद आपल्याला अर्ज केंद्राच्या खिडकीशी घालावा लागतो. पॅरिसचा मुक्काम तीन दिवसांवर आणला तर दिवस आणि उद्देश दोन्ही ऑस्ट्रियाकडे बोट दाखवतात आणि वाद उरत नाही.

हे तीन दिवस आयोजकांच्या पत्रात लिहायला सांगू नये. पॅरिसच्या भेटीशी त्यांचा संबंध नाही, त्याबद्दल ते साक्ष देऊ शकत नाहीत. ते आपल्या स्वतःच्या अर्जपत्रात साध्या भाषेत लिहावेत: ८ मेपर्यंत परिषद, पुढचे तीन दिवस भावाकडे, त्याचा पत्ता हा, परतीचं तिकीट हे. लपवलेला फेरफटका तिकिटावरून उघडा पडतो. सांगितलेल्या फेरफटक्याला मात्र कोणी हरकत घेत नाही.

उद्देश: नेमक्या शब्दांत

शेंगेन अर्जात प्रवासाच्या उद्देशाचे पर्याय छापलेले असतात: पर्यटन, व्यवसाय, नातलगांची भेट, सांस्कृतिक, क्रीडा, अधिकृत भेट, वैद्यकीय, अभ्यास वगैरे. ‘परिषद’ असा पर्याय त्यांत नाही. म्हणून कोणत्या चौकटीत खूण करायची ते त्या देशाच्या सूचनांप्रमाणे ठरवायचं आणि अधिक माहितीच्या रकान्यात वैज्ञानिक परिषदेत पोस्टर सादरीकरण असं स्पष्ट लिहायचं. पत्रातला उद्देश आणि या रकान्यातला उद्देश एकाच शब्दांत असावा. एका कागदावर ‘परिषद’, दुसऱ्यावर ‘प्रशिक्षण’, तिसऱ्यावर ‘सहकार्य’ असं आलं की अधिकाऱ्याला तीन वेगळे प्रवास दिसतात. प्रशिक्षण हा शब्द तर जपून वापरावा, कारण त्यामुळे हा प्रवास अभ्यासासाठी आहे की कामासाठी, अशी नवी शंका निघते.

आपली भूमिकाही पत्रात नेमकी हवी. ‘सहभागी होणार आहेत’ यापेक्षा ‘या शीर्षकाचं पोस्टर, या सत्रात, या दिवशी सादर करणार आहेत’ हे वाक्य कितीतरी वजनदार ठरतं, कारण ते कार्यक्रमपत्रिकेत शोधून पडताळता येतं. शीर्षक विनंतीत शब्दशः द्यावं. आयोजकांकडे हजारो शीर्षकं असतात, आपलं शोधून काढण्याचं काम त्यांच्यावर टाकलं तर ते साधं ‘सहभागी’ लिहून मोकळे होतात.

उद्देश नेमका लिहिण्याचा एक रोकडा फायदाही आहे. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. पण वैज्ञानिक संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक चर्चासत्राला वा परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना ते माफ आहे, अशी तरतूद व्हिसा संहितेत आहे. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं वेगळं द्यावं लागतं. ही सवलत मागायची तर परिषद वैज्ञानिक आहे हे आयोजकांच्या पत्रातून आणि अर्जदार संशोधक आहे हे आपल्या संस्थेच्या पत्रातून दिसलं पाहिजे.

विनंतीचा मजकूर

मोठ्या परिषदांत पत्रासाठी नोंदणीच्या खात्यातच एक अर्ज असतो. लहान परिषदांत ईमेल करावा लागतो. दोन्हीकडे लागणारी माहिती तीच. ईमेलची सुरुवात दोन वाक्यांत करावी: मी अमुक क्रमांकाने नोंदणी केली आहे, माझा सारांश अमुक क्रमांकाचा आहे, आणि मुंबईतून ऑस्ट्रियाच्या व्हिसासाठी अर्ज करायला मला निमंत्रणपत्र हवं आहे. लगेच त्याखाली माहिती ओळीओळीने द्यावी, म्हणजे ती जशीच्या तशी उचलता येते:

```
Surname (as in passport): KULKARNI
Given name(s): SWATI MADHAV
Name in programme: Swati A. Deshmukh
Date of birth: 14 August 1989
Nationality: Indian
Passport no.: [one letter + 7 digits]
Passport valid until: 20 March 2031
Event: EGU26, Vienna, 3–8 May 2026
My stay: 2–9 May 2026
Role: poster presenter
Costs: paid by my institute
```

त्यानंतर पोस्टरचं शीर्षक, संस्थेचं नाव आणि पत्ता. शेवटी दोन स्पष्ट विनंत्या. पहिली, पासपोर्टावरचं नाव मुख्य ठेवून दुसऱ्या नावाचा उल्लेख करावा. दुसरी, पत्रावर सही करणाऱ्याचं नाव, पद, फोन आणि ईमेल असावा. वकिलातीला पत्र खरं आहे का हे विचारायचं झालं तर याच पत्त्यावर विचारतात. ‘पत्र फेब्रुवारी संपण्यापूर्वी हवं’ एवढंही लिहावं. ‘लवकरात लवकर’ या शब्दांनी कोणाच्याच यादीत आपण वर जात नाही.

पासपोर्टाची प्रत मागितली नसेल तर जोडू नये. मागितली असेल तर ती परिषदेच्या अधिकृत नोंदणी खात्यातूनच द्यावी. ‘व्हिसा पत्र तयार करून देतो, पासपोर्ट आणि शुल्क पाठवा’ अशी अनोळखी ईमेल परिषदेच्या वक्त्यांना येत असतात. कार्यक्रमपत्रिकेतली नावं सगळ्यांना दिसत असल्याने फसवणाऱ्यांना आयती यादी मिळते.

पैशाची ती एक ओळ

पत्र आल्यावर त्यातली एक ओळ बऱ्याच जणांना धक्का देते: हे पत्र म्हणजे कोणत्याही आर्थिक मदतीची हमी नव्हे. ती ओळ काढून टाका किंवा खर्च आम्ही करू असं लिहा, अशी गळ आयोजकांना घालू नये. ती ओळ जवळपास प्रत्येक परिषदेच्या पत्रात असते आणि अधिकारी ती रोज वाचतो. निमंत्रण वेगळं आणि खर्चाची हमी वेगळी. निमंत्रण जाण्याचं कारण सांगतं. खर्च कोण करणार, ही बाब आपल्या संस्थेच्या पत्राने किंवा आपल्या बँकेच्या खाते उताऱ्याने सिद्ध व्हायची असते. आपण परत येणार आहोत, हे नोकरी, मंजूर रजा, घरदार यांवरून दिसतं. आयोजकांचं पत्र या तिन्हींपैकी पहिल्याच गोष्टीला पुरतं, आणि म्हणून उत्तम पत्र असूनही व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

स्वातीताईंच्या संस्थेने ना-हरकत पत्रात रजेच्या तारखा, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च संस्था करणार असल्याचं वाक्य आणि दोन्ही नावांचा खुलासा लिहिला. आयोजकांच्या पत्रातल्या ‘आम्ही खर्च करणार नाही’ या ओळीला त्यातून उत्तर मिळालं.

पत्र आल्यावर

पत्र पहिल्यांदा पासपोर्टाशेजारी ठेवून वाचावं. नाव, जन्मतारीख, क्रमांक, तारखा, शीर्षक, या क्रमाने. मग ते व्हिसा अर्जाशेजारी ठेवून पुन्हा वाचावं. चूक सापडली तर आयोजकांना तीच ईमेल साखळी उघडून चुकीची ओळ आणि बरोबर ओळ एकाखाली एक लिहून पाठवावी. चूक किती किरकोळ यावर दुरुस्ती मागायची की नाही हे ठरतं: संस्थेच्या पत्त्यात पिनकोड नसेल तर सोडून द्यावं, पण आडनावात एक अक्षर कमी असेल तर नवं पत्र मागावंच.

पीडीएफमध्ये स्वतः दुरुस्ती करण्याचा मोह काहींना होतो. अक्षर एकच असलं तरी सहीच्या कागदात फेरफार झाला की तो खोटा दस्तऐवज ठरतो, आणि खोटा दस्तऐवज हे व्हिसा नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे. नकाराची नोंद शेंगेनच्या सामाईक व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते आणि पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी ती सगळ्या सदस्य देशांना दिसते.

व्हिएन्नाच्या या सभेबाबत आणखी एक गोष्ट गोंधळात टाकू शकते. संघटनेचं कार्यालय म्युनिकमध्ये आहे आणि सभेची व्यवस्था पाहणारी संस्था गॉटिंगेनची. त्यामुळे ऑस्ट्रियातल्या कार्यक्रमाचं पत्र जर्मनीच्या पत्त्यावरून येऊ शकतं. यात गैर काही नाही, अनेक आंतरराष्ट्रीय संघटनांचं असंच असतं. आपल्या अर्जपत्रात याचा एका वाक्यात खुलासा करावा, आणि अर्जातल्या निमंत्रक संस्थेच्या रकान्यात पत्रावर आहे तोच पत्ता लिहावा. सभागृहाचा पत्ता ही कार्यक्रमाची जागा, निमंत्रकाचा पत्ता नव्हे.

दुसऱ्या देशांत

ही रीत सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत परिषदेला जाणारे बी-१ व्हिसावर जातात आणि तिथल्या परराष्ट्र खात्याने स्पष्ट म्हटलं आहे, की भेटीच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागत नाही. अर्जदाराचे स्वदेशातले बंध पाहिले जातात. तिथे पत्र जवळ ठेवावं, मुलाखतीत विचारलं तर दाखवावं, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. कॅनडात आयोजकांनी परिषदेची नोंद तिथल्या स्थलांतर खात्याकडे केली असेल तर त्या कार्यक्रमाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो आणि तो व्हिसा अर्जात भरायचा असतो. तेव्हा कॅनडाच्या परिषदेकडे पत्रासोबत हा क्रमांकही मागावा.

नियमांतले आकडे आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीच्या सूचना पुन्हा वाचाव्यात. पण नाव पासपोर्टाप्रमाणे, तारखा तिकिटाप्रमाणे आणि उद्देश कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे, ही कसोटी कुठेही बदलत नाही. विनंतीचा ईमेल पाठवण्याआधी पासपोर्ट उघडा, त्याच्या तळाची ओळ आणि आपण टंकलेली ओळ अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि मगच तो पाठवा.